२२१० एमएएचचा सेल लोडखाली अर्ध्याआधीच का थांबतो

जुन्या लॅपटॉप पॅकमधून काढलेल्या १८६५० लिथिअम-आयन सेलची वर्गवारी सुरूच आहे. या वेळी दोनच सेलबद्दल लिहितो, कारण नुसत्या क्षमतेच्या, म्हणजे एमएएचच्या आकड्यावरून सेल निवडणं का पुरेसं नाही, ते या जोडीत फार स्वच्छ दिसलं. दोन्ही सेल एकाच मॉडेलचे, नवे असताना २६०० एमएएचचे. ‘अ’ ज्या लॅपटॉपमधला आहे तो जवळपास कायम चार्जरला जोडलेला असे, म्हणजे सेल वर्षानुवर्षं पूर्ण भरलेला आणि गरम जागेत. ‘ब’चा लॅपटॉप रोज बॅटरीवर चालायचा.

४.२ व्होल्टपर्यंत भरून अर्ध्या अँपिअरने ३ व्होल्टपर्यंत उतरवल्यावर ‘अ’ने २२१० एमएएच दिले, ‘ब’ने १९००. नेहमीच्या पद्धतीने ‘अ’ वरच्या डब्यात गेला असता. मग दोन्ही पुन्हा भरून ५ अँपिअरवर लावले. या मॉडेलला तेवढा करंट चालतो. कट-ऑफ तोच, ३ व्होल्ट. ‘ब’ने १६७० एमएएच दिले. ‘अ’ ९३० वर थांबला.

‘अ’मधली उरलेली ऊर्जा गेली कुठे? कुठेच नाही. लोड काढल्यावर त्याचं व्होल्टेज हळूहळू वर चढलं, आणि विश्रांतीनंतर अर्ध्या अँपिअरने उतरवला तेव्हा त्याने आणखी १२५० एमएएच दिले. दोन्ही टप्प्यांची बेरीज जवळपास मूळच्या २२१० इतकी येते. क्षमता सेलमध्येच होती, ती त्या वेगाने बाहेर येऊ शकत नव्हती. क्षमता घटणं आणि ताकद घटणं हे वेगवेगळे आजार आहेत. ‘ब’ला पहिला जास्त झालाय, ‘अ’ला दुसरा.

ताकद घटते ती सेलचा आतला रोध वाढल्यामुळे, आणि तो मोजायला दहा सेकंदांचा पल्स पुरतो. सेल निम्मा भरलेला ठेवायचा, अर्ध्या अँपिअरचा लोड लावून व्होल्टेज स्थिरावू द्यायचं, मग करंट एकदम ३.५ अँपिअर करायचा आणि दहा सेकंदांनी वाचन घ्यायचं. ‘अ’ ३.६२ वरून ३.१४ वर आला. ०.४८ व्होल्टची घसरण, करंटमधला फरक ३ अँपिअर, म्हणजे १६० मिलिओहम. ‘ब’ची घसरण ०.२४ व्होल्ट, म्हणजे ८० मिलिओहम. दुप्पट फरक.

आता ५ अँपिअरचं गणित मांडा. ‘अ’च्या आतच ०.८ व्होल्ट खर्च होतात. सेल निम्मा भरलेला असताना त्याचं विनालोड व्होल्टेज साधारण ३.७ असतं, त्यातून ०.८ गेले की २.९ उरतात. म्हणजे निम्म्यावर यायच्या आधीच तो कट-ऑफच्या खाली जाणार. ‘ब’मध्ये ०.४ व्होल्टच जातात, त्यामुळे विनालोड व्होल्टेज ३.४ च्या आसपास येईपर्यंत, म्हणजे सेल जवळजवळ रिकामा होईपर्यंत तो काम करतो. ‘अ’मध्ये त्याच वेळी सुमारे ४ वॅट उष्णता आतल्या आत तयार होत असते. सेल तापला की रोध थोडा उतरतो, म्हणून तो ९३० पर्यंत तरी पोचला. थंड हवेत हाच सेल याहून लवकर थांबेल. जुना फोन थंडीत वीस-तीस टक्के दाखवत असताना कॅमेरा उघडताच बंद पडतो, त्यामागेही बहुधा हेच असतं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते यापुढचं. आपल्यापैकी बरेच जण एक किलोहर्ट्झवर मोजणारा रोधमापक वापरतात. त्याने ‘अ’चा रोध ६६ मिलिओहम दाखवला आणि ‘ब’चा ४८. फरक दिसतो, पण घाबरावं इतका नाही. तरीही लोडखाली दुप्पट अंतर पडतं, याचं कारण घसरण टप्प्याटप्प्याने होते. लोड लागताक्षणी जी उडी पडते ती इलेक्ट्रोलाइट, तांब्या-अ‍ॅल्युमिनिअमचे पत्रे आणि जोडांमुळे. त्यानंतर सेकंदाच्या आत आणि पुढच्या काही सेकंदांत आणखी घसरण होते: लिथिअमचे आयन इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरच्या थरांतून आत-बाहेर होताना अडतात, मग कणांच्या आत पसरायला वेळ घेतात. एक किलोहर्ट्झचा करंट इतक्या भराभर दिशा बदलतो की मापकाला मुख्यतः पहिलाच भाग दिसतो. ‘अ’चं दुखणं नंतरच्या भागात आहे.

त्याचा इतिहास पाहता हे पटतं. ऋण इलेक्ट्रोडच्या ग्राफाइटवरचा संरक्षक थर वर्षानुवर्षं जाड होत जातो आणि त्यात लिथिअम कायमचं अडकतं. त्याने क्षमता घटते, थोडा रोधही वाढतो. म्हणून दोन्ही गोष्टी बरोबरच चालतात असा समज होतो. पण भरलेल्या अवस्थेत आणि उष्णतेत ठेवलेल्या सेलमध्ये कॅथोडचा, म्हणजे धन इलेक्ट्रोडचा पृष्ठभागही बिघडतो. तिथे आयनांची ये-जा अवघड होते, पण फिरत्या लिथिअमचा साठा त्या प्रमाणात कमी होत नाही. हळू काढलं तर जवळजवळ सगळं मिळतं, घाईने मागितलं तर अडतं. उलट ‘ब’मध्ये साठा जास्त आटलाय, पण वाट बरीच मोकळी आहे. सेल न उघडता यापुढे खात्रीने सांगता येणार नाही, आणि सेल उघडायचा नसतो.

मोजताना एक पथ्य फार काटेकोरपणे पाळा. ८० मिलिओहम ही छोटी गोष्ट आहे आणि होल्डरची स्प्रिंग एकटीच काही दहा मिलिओहमची भर घालू शकते. करंटच्या तारा वेगळ्या आणि व्होल्टेज मोजायच्या तारा वेगळ्या, थेट सेलच्या टोकांवर, हव्यात. सेलचं तापमान शेजारी लिहून ठेवा, नाहीतर दोन वेगळ्या ऋतूंतले आकडे एकमेकांशी ताडून पाहता येणार नाहीत.

पॅक बांधताना याचा परिणाम जोडणीनुसार बदलतो. सीरिजमध्ये सगळ्यांतून तोच करंट जातो, म्हणून तीनपैकी एक सेल ‘अ’सारखा असला तर पॅकची राखण करणारं सर्किट, म्हणजे बीएमएस, त्याचं व्होल्टेज बघून पूर्ण पॅक तोडतं, बाकीचे दोन निम्म्याहून जास्त भरलेले असले तरी. पॅरलेलमध्ये करंट वाटून जातो. ‘अ’ आणि ‘ब’ शेजारी जोडून ५ अँपिअर मागितले तर सुरुवातीला ‘अ’कडून सुमारे १.७ आणि ‘ब’कडून ३.३ अँपिअर येतील. म्हणजे कमी क्षमतेच्या सेलवरच जास्त ताण. त्यामुळे पॅरलेल गटातही रोध जवळपास सारखे असलेलेच सेल घेतोय.

नोंदवहीत आता एमएएचच्या शेजारी दहा सेकंदांचा रोध हा रकाना कायमचा आलाय. ‘ब’ आणि त्याच्यासारखे सेल छोट्या स्क्रूड्रायव्हरच्या पॅकसाठी बाजूला काढले. ‘अ’ एका एलईडी दिव्यात जाणार. तिथे करंट ०.३ अँपिअरच आहे, घसरण ०.०५ व्होल्टच्या आसपास, आणि तिथे त्याचे २२१० एमएएच जवळजवळ पूर्ण वापरता येतील. त्याआधी तो भरून काही आठवडे नुसता ठेवतोय. व्होल्टेज आपोआप घसरत गेलं तर तो दिव्यातही जाणार नाही, सरळ ई-कचऱ्यात जाईल.

पुढची मोजणी सेल वीस टक्क्यांवर असताना घ्यायची आहे. रिकामा होत आलेल्या सेलचा रोध निम्म्यावरच्यापेक्षा बराच वाढलेला असतो, आणि स्क्रूड्रायव्हर शेवटच्या स्क्रूला अडखळतो तो तिथेच. निम्म्यावर ८० दाखवणाऱ्या सेलपैकी कोणते तिथेही टिकतात, त्यावर पॅकचे तीन सेल ठरतील.