प्रेस क्रमांक चारची नोंद

भोसरीतील एका प्रेस शॉपमध्ये मी सेटर होतो, तेव्हाची म्हणजे 2016 सालची ही गोष्ट आहे. प्रेस क्रमांक चार हा पन्नास टनी, पिन क्लचचा जुना प्रेस होता. पेडल दाबले की क्लचची पिन फ्लायव्हीलमध्ये अडकते, रॅम एकदा खाली येऊन वर जातो आणि तिथे ब्रेक त्याला धरून ठेवतो. या प्रकारच्या प्रेसची मुख्य अडचण अशी की एकदा पिन अडकली की तो फेरा मधेच थांबवता येत नाही, मग कुणी कितीही ओरडले तरी उपयोग नसतो. त्या दिवशी त्यावर छोट्या ब्रॅकेटचे बेंडिंग चालू होते आणि ऑपरेटर एकेक तुकडा हाताने डायमध्ये ठेवत होता.

सकाळी साडेदहाच्या सुमारास तो माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "दादा, मगाशी पाय उचलला होता मी, तरी परत आला." त्याचा हात तेव्हा तयार तुकडा उचलून बाहेर आलेला होता, म्हणून बोटे वाचली. प्रेस डबल मारतो असे आम्ही याला म्हणतो. मी आधी प्रेस बंद करायला लावला आणि रागाच्या भरात सुपरवायझरांच्या नावाने रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून काढले: "चार नंबरच्या ब्रेककडे कधीच लक्ष दिले जात नाही. कुणाची बोटे गेल्यावरच दखल घेणार का?"

लिहून झाल्यावर ते वाचले आणि पान फाडून खिशात घातले. "लक्ष दिले जात नाही" या वाक्यात कर्ता दडवलेला असला तरी तो कोण आहे हे वाचणाऱ्याला पक्के कळते, आणि "कधीच" या शब्दाला उत्तर म्हणून मेंटेनन्सच्या वहीतली एखादी जुनी नोंद पुढे केली की चर्चा प्रेसवरून नोंदीवर जाते. दुसरे वाक्य तर प्रश्नाच्या रूपातला आरोपच होता. शिवाय ब्रेक ढिला आहे हे मला तरी कुठे ठाऊक होते? डबल मारण्याचे कारण ब्रेक असू शकते, फेरा संपताच पिन बाहेर काढणारा लॅच झिजलेला असू शकतो किंवा लॅचची स्प्रिंग गेलेली असू शकते. चुकीचे कारण लिहिले असते तर मेंटेनन्सवाल्यांनी ब्रेक तपासून तो ठीक असल्याचे सांगितले असते आणि प्रेस पुन्हा सुरू झाला असता.

म्हणून आधी मोजायचे ठरवले. मोटर बंद करून, फ्लायव्हील पूर्ण थांबल्यावर, ब्रेक ड्रमच्या कडेवर दर दहा मिलिमीटरला खडूच्या रेघा ओढल्या आणि फ्रेमवर एक स्थिर खूण केली. डाय रिकामी ठेवली, ऑपरेटरला दूर उभे केले, मोटर पुन्हा सुरू केली आणि पेडलने वीस फेरे एकेक करून मारले. रॅम वरच्या जागी थांबला की रेघ खुणेसमोर यायला हवी होती. पहिल्या फेऱ्यांत ती दहा मिलिमीटर पुढे जाऊन थांबत होती, शेवटच्या पाचांत चाळीसच्या पुढे जात होती. सतराव्या फेऱ्यानंतर पाय पेडलवर नसताना रॅम आणखी एकदा खाली आला. हे मी आणि क्वालिटीचा मुलगा अशा दोघांनी पाहिले.

मग पुढील नोंद शिफ्ट रजिस्टरमध्ये केली आणि तिची एक प्रत काढून हातात ठेवली:

"प्रेस क्र. 4. आज 10.30 वाजता पाय पेडलवरून काढलेला असताना रॅम दुसऱ्यांदा खाली आला. डाय रिकामी ठेवून 20 फेऱ्यांची तपासणी केली. थांबण्याची जागा 10 मि.मी. वरून 40 मि.मी. च्या पुढे सरकली, 17 व्या फेऱ्यानंतर पेडल न दाबता पुन्हा एक फेरा झाला. या कामात हात डायमध्ये जातो. कारण अद्याप निश्चित नाही. ब्रेक, लॅच व स्प्रिंग तपासून दुरुस्ती होईपर्यंत आणि नंतर रिकाम्या फेऱ्यांची चाचणी होईपर्यंत प्रेस बंद ठेवावा, अशी विनंती आहे. मोटरचा मेन स्विच बंद करून कुलूप लावले आहे; किल्ली माझ्याकडे आहे."

"जमल्यास", "सवडीने", "एकदा बघून घ्यावे" हे शब्द हाताशी आले होते, ते जाणीवपूर्वक टाळले. आपल्याकडे वरिष्ठांना लिहिताना ते आपसूक येतात आणि मागणीची मुदतच काढून घेतात. कारखाने अधिनियम, 1948 मधील कलम 21 तेव्हा धोकादायक भागांना संरक्षक आडोसा लावायला सांगत होते, हेही मला माहीत होते. पण पहिल्याच नोंदीत कलम टाकले असते तर ते धमकीसारखे वाचले गेले असते. ते पुढच्या पायरीसाठी राखून ठेवले.

सुपरवायझर साहेब बाराला राउंडवर आले. सहा वाजता गाडी भरायची होती आणि बाराशे तुकडे बाकी होते, त्यामुळे त्यांच्या कपाळावरची आठी मला अपेक्षितच होती. मी त्यांना केबिनमध्ये न गाठता प्रेसजवळ नेले, खडूच्या रेघा दाखवल्या आणि नोंद हातात दिली. ती वाचून ते म्हणाले, "अरे, चिमटा दे त्याला. आजच्या दिवस चिमट्याने चालव, रात्री मेंटेनन्स लावतो."

चिमटा हा अगदी निरर्थक उपाय होता असे मी म्हणणार नाही. पण तुकडा डायमध्ये तिरका बसला की ऑपरेटरचा हात आपोआप पुढे जातोच. मी म्हणालो, "साहेब, गाडीची अडचण मला कळते. पण चिमट्याने रॅमचा दुसरा फेरा थांबत नाही, आणि तिरका तुकडा सरळ करायला हात आत जाणारच. या अवस्थेत मी सेटिंगवर सही करू शकत नाही. सात नंबरवर हीच डाय बसते. आत्ता सुरुवात केली तर पाऊण तासात पहिला तुकडा देतो. बाराशे होणार नाहीत, साधारण नऊशे होतील."

ते काही वेळ ड्रमकडे पाहत राहिले. मग स्वतः मला एक रिकामा फेरा मारून दाखवायला सांगितले. मी कुलूप काढले, सगळ्यांना मागे घेतले आणि पेडल दाबले. रेघ खूण ओलांडून पुढे गेली. "लाव सात नंबरवर," एवढेच ते म्हणाले, आणि नोंदीखाली वेळ टाकून सही केली. मी मेन स्विचला पुन्हा कुलूप लावले.

संध्याकाळी मेंटेनन्सने प्रेस उघडला तेव्हा ब्रेकचे लायनिंग तेलाने भिजलेले निघाले, आणि लॅचच्या स्प्रिंगचा एक वेढा तुटलेला होता. म्हणजे दोन्ही कारणे होती, आणि मी नुसता ब्रेक लिहिला असता तर स्प्रिंग तशीच राहिली असती. दोन्ही बदलून झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा पन्नास रिकामे फेरे मारले, रेघ दहाच्या आत राहिली, आणि मगच किल्ली परत दिली.

त्या संध्याकाळी आठशे ऐंशी तुकडे गेले. साहेबांनी ग्राहकाला फोन केला तेव्हा मी शेजारीच चलन लिहीत होतो. "तीनशे वीस उद्या सकाळी पाठवतो," ते म्हणाले, "प्रेस पेडल न दाबता पुन्हा फिरला होता, म्हणून बंद ठेवला आहे."