दोन गुणांचं पानभर उत्तर

आज दहावीच्या सरावाचे विज्ञान भाग १ चे पेपर तपासले. ४० गुण, दोन तास, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. ‘तारे लुकलुकतात, ग्रह नाही, का?’ गुण २. एकीने अपवर्तनाची व्याख्या, नियम, आकृती असं पानभर लिहिलं (अक्षर मात्र सुरेख!). पण ग्रहाबद्दल अवाक्षर नाही, म्हणून एकच गुण. खरं तर चार ओळी पुरल्या असत्या. हवेचा अपवर्तनांक सतत बदलतो, म्हणून बिंदूसारखा दिसणारा तारा लुकलुकतो. ग्रह जवळ, म्हणजे अनेक बिंदूंचा समूह, त्यामुळे सरासरी प्रकाश तेवढाच राहतो. तिचा शेवटचा पाच गुणांचा प्रश्न दोन ओळींवर अर्धवट सुटला होता.