तिसरी ट्रायल कशाला?

"दोन ट्रायलवरून क्रिटिकल स्पीड निघतो ना? मग तिसरी कशाला पळायला लावता?"

निघतो. क्रिटिकल स्पीड म्हणजे श्वास ताब्यात ठेवून बराच वेळ टिकवता येणारा सर्वांत जास्त वेग. वेगवेगळी अंतरं पूर्ण जोराने पळायची, अंतर आणि वेळ आलेखावर मांडायचे, की त्यांतून जाणाऱ्या रेषेचा चढ म्हणजे हा वेग. पण दोन बिंदूंतून सरळ रेषा नेहमीच जाते, माझी अडचण नेमकी तीच आहे. एखादी ट्रायल फसली असली, तरी उत्तर तितक्याच ऐटीत समोर येतं.

आमच्या ग्रुपमधल्या एका मुलीने दोन्ही ट्रायल एकाच संध्याकाळी उरकल्या. आधी ३२०० मीटर १२ मिनिटांत, मग थोडा वेळ थांबून १२०० मीटर ४:१२ मध्ये. अंतरांतला फरक २००० मीटर, वेळेतला ४६८ सेकंद, म्हणजे सेकंदाला ४.२७ मीटर, किलोमीटरला ३:५४. त्याच पेसने तिला २००० मीटरचे रिपीट दिले गेले. या वेगाला श्वास जड झाला तरी ताब्यात राहायला हवा. तिचा तिसऱ्यातच सुटायचा आणि चौथा अर्धवट राहायचा. आठवड्यांमागून आठवडे हेच. मन कच्चं आहे, असं तिला जो तो ऐकवायचा. ती पळणं सोडायच्या बेतात होती. त्याचा मला आजही राग येतो.

मग तिने ताज्या पायांनी २४०० मीटरची ट्रायल दिली: ८:४८. रेषेप्रमाणे ८:५३ यायला हवे होते. दुसऱ्या दिवशी पूर्ण विश्रांती, आणि नंतर १२०० मीटर पुन्हा: ४:००. आता फरक ४८० सेकंदांचा, म्हणजे वेग ४.१७, पेस ४:००. तिन्ही वेळा एका रेषेत बसल्या. छोटी ट्रायल थकून हळू पळाली, म्हणूनच क्रिटिकल स्पीड खोटा वाढला होता. उलटं वाटतं, पण दोन वेळांमधलं अंतर कमी झालं की भागाकार मोठाच येणार. त्या वेगाच्या वर खर्चायला मिळणारे राखीव मीटर मात्र २०० ऐवजी १२३ दिसत होते. ३:५४ च्या पेसने प्रत्येक २००० मीटरमागे तिचे त्यातले ५० मीटर जात होते, आणि मधल्या दोन मिनिटांच्या विश्रांतीत ते पुरते भरून येत नव्हते. मनाचा यात काय संबंध?

पूर्वी मीही दोनच पुरेत म्हणायचो, आणि ते अगदीच चूक नव्हतं. ट्रायल वेगवेगळ्या दिवशी, ताज्या पायांनी, सारख्या हवेत झाल्या, एक तीन-चार मिनिटांची आणि दुसरी बारा-एक मिनिटांची असली, तर दोनही चालतात. तिसरीने आणखी एक दिवस मोडतो, हेही मान्य. शिवाय पाच सेकंद वाऱ्यानेही इकडेतिकडे होतात, आणि तीनपैकी कोणती फसली हे तिसरी स्वतः सांगत नाही. तरी रेषा जुळत नसेल, तर मी आधी छोटी ट्रायल पुन्हा घ्यायला सांगतो. तोवर रिपीट ट्रायलच्या जोड्यांतून निघणाऱ्या पेसपैकी सर्वांत हळू पेसनेच पळायचे.