३८ टक्के, एक पिवळा चौकोन आणि माझ्या वहीची गोष्ट

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो, बीड जिल्ह्यातल्या एका गावात. पुढं सिव्हिल इंजिनिअरिंग केलं आणि दोन वर्षं नोकरी करून इंग्लंडला पाणी व्यवस्थापनात एमएस्सी करायला आलो. पहिल्याच असाइनमेंटला मला मेल आला, की तुमच्या निबंधाबद्दल बोलायचंय, अमुक तारखेला अमुक खोलीत या, येताना तुमच्या नोट्स आणि कच्चे ड्राफ्ट घेऊन या, आणि हवं असेल तर स्टुडंट युनियनच्या सल्ला केंद्रातलं कुणीतरी सोबत आणू शकता. ही शेवटची ओळ वाचून पोटात गोळाच आला, कारण सोबत माणूस आणा म्हणजे प्रकरण साधं नाही एवढं तर कळतंच.

विषय होता कठीण खडकाच्या भागातलं भूजल. मी खूश होतो, हा तर आपल्या घरचा विषय, महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बसाल्टवरच बसलाय. सात-आठ पेपर डाउनलोड केले, रात्र रात्र जागून वाचले, वहीत नोट्स काढल्या आणि त्या नोट्सवरून अडीच हजार शब्द लिहिले. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी कंसात लेखकाचं आडनाव आणि वर्षसुद्धा टाकलं. माझ्या मते मी सगळं नियमात केलं होतं.

निबंधातला मजकूर दुसरीकडं कुठं जुळतो का हे तपासणाऱ्या टर्निटिन सॉफ्टवेअरवर सबमिट केल्यावर ३८ टक्के सिमिलॅरिटी आली, पिवळा चौकोन. (निळा म्हणजे काहीच जुळलं नाही, २४ टक्क्यांपर्यंत हिरवा, तिथून ४९ पर्यंत पिवळा, मग केशरी आणि ७५ च्या वर लाल.) वर्गातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रत्येकजण आपापला आकडा टाकत होता आणि सगळ्यांच्या डोक्यात एकच, की २० च्या खाली आणायचं. मी पण मग शब्द बदलत बसलो. पुन्हा सबमिट, पुन्हा आकडा. तीन वेळा रिपोर्ट लगेच येतो, त्यानंतर मात्र दर वेळी २४ तास थांबावं लागतं, हे मला चौथ्या वेळी कळलं आणि तोवर डेडलाइन डोक्यावर आली होती. ३१ वर सोडून दिलं.

मीटिंगला मॉड्यूलचे प्राध्यापक आणि डिपार्टमेंटच्या एक बाई होत्या, अशा प्रकरणांचं बघणाऱ्या. तिथं सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात पण माझ्या तोंडातून दर वाक्याला सर आणि मॅडमच निघत होतं. आणि गंमत म्हणजे त्यांनी ३१ टक्क्यांचा विषयच काढला नाही. त्या म्हणाल्या, यातले बरेच टक्के तुमच्या संदर्भयादीचे आणि कव्हर शीटचे आहेत, ते सगळ्यांचेच जुळतात, फिल्टर लावला की जातात. संदर्भ नसलेला ८ टक्केवाला निबंध वाईट असू शकतो आणि ३० टक्केवाला चांगला. आम्हाला बघायचंय ते हे, असं म्हणून त्यांनी एक परिच्छेद पुढं सरकवला.

मूळ पेपरातलं वाक्य साधारण असं होतं (मराठीत सांगतो): दख्खनच्या बसाल्टमध्ये भूजल प्रामुख्यानं वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांच्या जाळ्यात साठतं, त्यामुळे साठवणक्षमता मर्यादित असते आणि पाऊस कमी पडला की विहिरी लवकर आटतात.

माझं वाक्य: दख्खन बसाल्टमध्ये भूगर्भातील पाणी मुख्यतः झिजलेल्या वरच्या थरात व भेगांमध्ये साठते, म्हणून साठवणक्षमता कमी असते आणि पर्जन्यमान घटल्यास विहिरी लवकर कोरड्या पडतात.

शेवटी कंसात आडनाव, वर्ष. मी म्हटलं, सर, मी तर नाव दिलंय. ते म्हणाले, हो, नाव दिल्यामुळे कल्पना कुणाची हे कळतं, पण वाचणारा असं धरून चालतो की वाक्य तुझं आहे. इथं वाक्याचा सांगाडाही त्याचाच आहे, तू फक्त शब्दांचे कपडे बदललेत. जसंच्या तसं घ्यायचं तर अवतरणचिन्हं आणि पान नंबर, नाहीतर पूर्णपणे स्वतःचं वाक्य आणि तरीही नाव. या दोन्हीच्या मधलं काही चालत नाही.

मग त्यांनी वही मागितली. मी दिली, आणि तिथंच खरी भानगड कळली. मला वहीतल्या इंग्रजीची लाज वाटत होती, त्यांना ती वाचायला काही अडचण नव्हती. त्या वहीत पानंच्या पानं सुंदर अक्षरात उतरवलेली होती. कुठलं वाक्य पेपरातलं आणि कुठलं माझं, हे मलाच सांगता येईना. कुठं अवतरणचिन्ह नाही, कुठं पान नंबर नाही. मी चोरी केली नव्हती हे खरं होतं, पण ते दाखवणारं वहीत काहीच नव्हतं.

आता हे आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही. शाळेत नोट्स काढणं म्हणजे उतरवणं. सर फळ्यावर उत्तर लिहायचे, आम्ही वहीत उतरवायचो, परीक्षेत पुन्हा पेपरावर उतरवायचो. व्याख्या जशीच्या तशी आली तर दोनपैकी दोन, स्वतःच्या शब्दात लिहिली तर दीड. इंजिनिअरिंगला तर विचारूच नका, सबमिशनच्या आठवड्यात सिनियरची जर्नल फाईल होस्टेलभर फिरायची, आणि ड्रॉइंगच्या शीटला जीटी मारायची, म्हणजे काच, खाली बल्ब, वर मित्राची शीट आणि त्यावर आपली. यात कुणाला आपण फसवतोय असं वाटायचं नाही, उलट हात दुखेपर्यंत लिहिलं म्हणजे मेहनत केली असंच वाटायचं. माझी इथली वही त्याच मेहनतीची होती.

निकाल असा लागला की पहिलीच वेळ आणि लपवाछपवी नाही, म्हणून चोरी न धरता वाईट लेखनसवय धरली. निबंध पुन्हा लिहायचा आणि कितीही चांगला लिहिला तरी मार्क ५० च्या वर नाही, ५० म्हणजे इथं एमएस्सीला काठावर पास. तीन आठवडे दिले.

त्या तीन आठवड्यांत आधी मी कॉमा कुठं आणि इटॅलिक कुठं याच्या मागं लागलो. ते संदर्भयादी बनवून देणाऱ्या झोटेरो सॉफ्टवेअरनं जमून गेलं, म्हणजे जवळपास, कारण ते वेबसाइटवरून माहिती ओढताना कधी लेखकाच्या जागी संस्थेचं अर्धवट नाव टाकतं, ते हातानं दुरुस्त करावंच लागतं. आपल्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा मराठी अहवाल घेतला होता, त्यात लेखक म्हणून संस्थाच, आणि शीर्षक रोमन लिपीत लिहून पुढं चौकोनी कंसात त्याचं भाषांतर. लायब्ररीतल्या बाईंनी दहा मिनिटांत दाखवलं. हा भाग सोपा निघाला.

अवघड होतं वाक्य. मी पेपर समोर ठेवून लिहायला बसलो की तोच सांगाडा परत यायचा, कारण माझं इंग्रजी एवढं मोकळं नाही की एकच गोष्ट चार तऱ्हांनी सांगता येईल, आणि पेपरातलं वाक्य आपल्यापेक्षा बरंच बरं वाटतं. शेवटी एका रविवारी वडिलांशी फोनवर बोलताना त्यांनी विचारलं, काय लिहितोयस एवढं. मी सांगायला लागलो की खडकात पाणी कुठं असतं, आणि ते मधेच म्हणाले, म्हणजे मुरमात पाणी, पाषाणात नाही, पाषाणाला फट लागली तर नशीब. हे आमच्याकडं विहीर खणणारा कुणीही सांगेल. आणि मला एकदम कळलं की पेपरातला तो वरचा झिजलेला थर म्हणजे आपला मुरूम. चार दिवस मी तो शब्द वेगवेगळ्या इंग्रजी शब्दांनी बदलत होतो आणि तो मला कळलेलाच नव्हता.

मग पद्धत ठरली. पेपरचा एक भाग वाचायचा, पीडीएफ बंद करायची, आणि वहीत मराठीत लिहायचं की हा माणूस काय म्हणतो. जमलं नाही तर समजलं नाही, परत वाचायचं. पानाच्या डाव्या बाजूला पेपरातलं काही नेमकं लागणार असेल तर अवतरणचिन्हात, पान नंबरसकट. उजव्या बाजूला मराठी, आणि त्याखाली वेगळ्या पेनानं माझं म्हणणं. मराठीवरून इंग्रजी लिहिलं की सांगाडा आपोआप मोडतो. (इथं एक खड्डा आहे. पेपरातलं वाक्य शब्दाला शब्द मराठीत नेऊन परत इंग्रजीत आणलं तर सॉफ्टवेअर कदाचित पकडणार नाही, पण ते वाक्य अजून त्याचंच आहे. पीडीएफ बंद करायची ती म्हणूनच.)

तो परिच्छेद नंतर असा झाला: आमच्या गावात एकमेकींपासून दोनशे फुटांवर असलेल्या दोन विहिरींपैकी एक एप्रिलपर्यंत टिकते आणि दुसरी जानेवारीत तळ दाखवते. पाणी झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं हे अमुक लेखकाचं निरीक्षण धरलं (इथं नाव, वर्ष) तर हा फरक समजतो, आणि मग गावाची सरासरी पाणीपातळी काढून टंचाई ठरवणं किती फसवं आहे हेही दिसतं. यातली भेगांची गोष्ट त्याची, सरासरीबद्दलचं म्हणणं माझं, आणि वाचणाऱ्याला दोन्ही वेगळं दिसतं. विहिरींबद्दल प्राध्यापकांनी मार्जिनमध्ये लिहिलंच, हे तुला कसं माहीत? मी लिहिलं, स्वतः पाहिलेलं. चालतं, म्हणाले, पण तसं वाक्यात म्हण, आणि दोन विहिरींवरून जिल्ह्याचा निष्कर्ष काढू नको.

सिमिलॅरिटी १७ आली. ५० मिळाले. पुढच्या निबंधात मी घाबरून प्रत्येक वाक्याला कंस लावले, तर शेरा आला, यात सगळे बोलतायत, तू कुठं आहेस? म्हटलं आता काय करावं माणसानं. तिसऱ्या निबंधापासून जरा बसलं.

यंदा सांगलीकडच्या एका ज्युनियरनं माझी असाइनमेंट नमुना म्हणून मागितली. दिली नाही, कारण ती टर्निटिनच्या डेटाबेसमध्ये आहे, त्याचं काही जुळलं तर दोघांनाही बोलावतील, देणाऱ्यालाही. त्याला राग आला असणार, आपल्याकडं फाईल न देणारा म्हणजे कंजूस. मी वहीच्या दोन पानांचे फोटो पाठवले, डावी-उजवी बाजू दिसेल असे.

आणि परवा चुलतबहिणीनं तिच्या चाचणी परीक्षेचा फोटो पाठवला. व्याख्या तिनं स्वतःच्या शब्दात, चांगली समजून लिहिली होती. अर्धा मार्क कापलेला आणि लाल पेनानं शेरा, पुस्तकातील व्याख्या लिहा. विचारत होती, दादा, तू तर तिकडं शिकतोस, तूच सांग बरोबर आहे का नाही. दहावीचं वर्ष आहे तिचं. म्हटलं, बरोबर आहे गं, पण मार्चपर्यंत पुस्तकातलीच लिही.