एका कामाचे तीन दर

सांगलीत मी स्वयंपाकघरातील ट्रॉल्यांची कामे घेतो. पूर्वी मी कोटेशनवर एकच रक्कम लिहीत असे. १,८०,००० हा आकडा वाचून होताच "यात किती कमी कराल?" हा प्रश्न ठरलेला असे, कारण एकट्या आकड्यापुढे गिऱ्हाइकाला दुसरे काही विचारण्यासारखेच नसते. म्हणून मी साधे, मध्यम आणि उत्तम असे तीन दर शेजारी शेजारी मांडायला लागलो.

पहिला प्रयत्न फसला. तिन्हींत प्लाय एकच होता, फरक केवळ लॅमिनेटचा, आणि साधे १,६५,००० ला. लोकांनी सरळ साधेच निवडले, आणि त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही.

मग मी मधले काम जसेच्या तसे ठेवले: पाण्याला टिकणारा आयएस ७१० चा प्लाय, सावकाश मिटणाऱ्या बिजागऱ्या, दर १,८०,०००. साध्यात एमआर ग्रेडचा प्लाय आणि तारेच्या जाळ्या धरून १,३५,००० केले, तर उत्तममध्ये ॲक्रिलिकची दारे आणि सगळीकडे टँडम ड्रॉवर घालून २,७०,००० लिहिले. मधला आकडा जुनाच होता, पण आता त्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी होते. सिमन्सन आणि ट्वर्स्की या संशोधकांनी १९९२ मध्ये कॅमेऱ्यांच्या उदाहरणाने हेच दाखवले होते: दोनच कॅमेरे पुढे असताना पसंती निम्मी निम्मी होती, तिसरा महाग कॅमेरा ठेवताच मधल्याला ५७ टक्के लोकांनी निवडले. टोकाची वस्तू घेऊन पस्तावण्यापेक्षा मधली घेतलेली बरी वाटते, शिवाय घरी तिचे समर्थनही सोपे जाते.

विश्रामबागेतल्या एका घरी सासूबाईंनी कागदावर बोट फिरवले आणि सुनेला म्हणाल्या, "अगदी स्वस्तातलं नको गं, पण पावणेतीन लाख म्हणजे जास्तच होतंय." बोट मधल्या रकान्यावर थांबले. सुनेला मात्र भांड्यांसाठी दोन टँडम ड्रॉवर हवे होते. त्यांचा सुटा दर मी कागदावर लिहिलाच नव्हता, त्यामुळे तिथेच घासाघीस सुरू झाली. आता असे सुटे दर मी खाली छापतो.

एक चूक मात्र महागात पडली. साधे काम घेतलेल्या एका घरी सिंकखालचा खण दीड वर्षात फुगला. एमआर प्लाय हवेतला दमटपणा सोसतो, गळणारे पाणी नाही, आणि हे ठाऊक असूनही केवळ दरातला फरक ठळक दिसावा म्हणून मी तो तिथे वापरला होता. खण मी स्वखर्चाने बदलून दिला. आता सिंकखाली तिन्हींत आयएस ७१० चाच प्लाय असतो आणि साध्याचा दर १,४०,००० झाला आहे. तरीही बहुतेक जण मधलेच घेतात. रनिंग फुटाचा भाव विचारणारे बिल्डर मात्र फक्त पहिला रकाना वाचतात, त्यांना मी पुन्हा एकच दर देतो.