तुम्ही विचारलंत म्हणून: चादरीचं जॅकेट, रुपयात आणि डॉलरात

"पोरगा शिवतो छान, पण परदेशी पाहुणा दुकानात आला की भाव सांगताना अडखळतो. डॉलरात किती सांगायचं, म्हणजे आपलं नुकसान होणार नाही आणि त्यालाही फसल्यासारखं वाटणार नाही?"

सोलापुरात परदेशी गिऱ्हाईक रोज येत नाही. डॉ. कोटणीसांचं स्मारक बघायला चिनी मंडळी येतात, माळढोकाच्या ओढीनं नान्नजला पक्षी बघणारे येतात, गोलघुमटासाठी विजापूरला जाताना कुणी एखादी रात्र इथे मुक्काम करतो. म्हणजे सराव होण्याइतकी विक्री नाही आणि चूक झाली तर ती दुसऱ्या दिवशी भरून निघत नाही. म्हणून हिशेब आधीच बसवून ठेवावा लागतो.

पूर्व भागातला एक तरुण शिंपी डोळ्यासमोर आणा. सोलापुरी चादरीची बिनबाह्यांची जॅकेटं शिवणारा. ६० बाय ९० इंचाच्या एका चादरीत त्याची दोन जॅकेटं बसतात, पण नक्षी समोरच्या दोन्ही पल्ल्यांवर जुळवायची असेल तर कापड फार जपून कापावं लागतं. मोराचं तोंड एका बाजूला आणि शेपूट बगलेत गेली, की ते जॅकेट स्वस्तात काढावं लागतं. चादर आधी भिजवून वाळवायची, कारण सूत आटतं. शिवताना १६ किंवा १८ नंबरची सुई लावायची, बारीक सुई खांद्याच्या जाड शिवणीवर मोडते. हे सगळं त्याला येतं. त्याला येत नाही तो भाव.

त्याचा खर्च मांडू. आकडे समजा म्हणून घ्या, तुमच्याकडचे तुम्ही घाला. अर्ध्या चादरीचे ३०० रुपये. अस्तर ८०. बकरम, बटणं, दोरा मिळून ५०. कापण्या-शिवण्याला चार तास, तासाला ९० प्रमाणे ३६०. भाडं, वीज, मोडलेल्या सुया यांचा वाटा ६०. बेरीज ८५०. वीसातलं एक जॅकेट कापताना बिघडतं किंवा नक्षी चुकते, त्यापोटी ४० धरले की झाले ८९०. यात बहुतेक जण स्वतःचे चार तास धरत नाहीत. "मीच तर शिवलं" म्हणून ते फुकट समजतात आणि मग ५३० रुपयांच्या वर जे येईल त्याला नफा म्हणतात. तिथूनच पुढचं सगळं घसरतं. आपल्या या मुलानं मात्र ८९० नीट काढले, वर ३१० नफा ठेवला आणि जॅकेटचा भाव १,२०० लावला.

पहिला पाहुणा आला, जॅकेट घालून आरशात वळून पाहिलं आणि विचारलं, डॉलरात किती? मुलानं मोबाइलवर दर पाहिला. हिशेब सोपा जावा म्हणून आपण तो ९० धरू. १,२०० भागिले ९० म्हणजे १३.३३. त्यानं ३३ सेंट सोडले आणि "तेरा" म्हणाला. पाहुण्यानं दहाची एक आणि एकाच्या तीन नोटा काढून दिल्या. दोघंही खूश.

दोन दिवसांनी तो मनी चेंजरकडे गेला. तिथे फलकावर दोन दर होते, विकण्याचा आणि विकत घेण्याचा. त्याला लागू होता विकत घेण्याचा, आणि तो होता ८७. मोबाइलवर दिसणारा ९० हा मधला दर, त्या दरानं दुकानात कुणी नोट घेत नाही. वर एकाची एक नोट घडीवर फाटलेली होती, ती परत आली. १२ डॉलरचे ८७ प्रमाणे १,०४४ रुपये. नफा ३१० चा १५४ झाला, निम्म्याहून खाली. रिक्षाचे पैसे वेगळेच.

घरी येऊन त्यानं ठरवलं, आता पंधरा सांगायचं. गल्लीतल्या मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "अरे बाबा, त्याच्याकडं पण मोबाइल आहे की." खरंच आहे. १५ गुणिले ९० म्हणजे १,३५०. शेजारी पाटीवर १,२०० लिहिलेले. दीडशे रुपये त्याला जड नसतील, पण दोन आकडे जुळत नाहीत हे दिसलं की तो कापडाबद्दलही शंका घ्यायला लागतो.

इथे मला जे सांगायचं आहे ते असं. डॉलरच्या आकड्याची कामं दोन आहेत आणि लोक ती एकातच कालवतात. एक, पाहुण्याला वस्तू केवढ्याला आहे हे कळणं. दुसरं, आपल्या हातात पैसे येणं. कळण्यासाठी मधला दर वापरायचा, कारण तोच त्याला दिसतो. पैसे मात्र रुपयातच घ्यायचे. परकी नोटा घेऊन बदलून देणं हे रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्यांचं काम आहे, शिंप्याचं नाही. पाहुण्यानं डॉलर पुढे केले तर त्याला बँकेचा किंवा अधिकृत मनी चेंजरचा पत्ता लिहून द्यावा. तिथे त्याला पावती मिळते, उरलेले रुपये परत बदलताना तीच उपयोगी पडते. नाणी तर बहुतेक चेंजर घेतच नाहीत, त्यामुळे "राहिलेले दोन डॉलर नाण्यांत देतो" याला हसून नाही म्हणायचं.

मग उरतं कार्ड. परदेशी कार्डावर बँक आपल्याकडून देशी कार्डापेक्षा जास्त शुल्क कापते. नेमकं किती ते आपल्या मशीनच्या करारात बघा. इथे ३ टक्के धरू. दोन हजारांपर्यंतच्या विक्रीत बँकेच्या या शुल्कावर जीएसटी लागत नाही. १,२०० च्या विक्रीत ३६ रुपये जातात. हे पैसे पाहुण्याकडून वेगळे मागायचे नाहीत, भावातच धरायचे. १,२५० लावले तर साडेसदतीस रुपये जाऊन १,२१२ आणि वर काही पैसे हातात येतात. म्हणून पाटीवर १,२५०, सगळ्यांना तोच. सोलापूरच्या गिऱ्हाइकाला एक आणि गोऱ्याला दुसरा भाव ठेवू नये असं माझं ठाम मत आहे. पाहुण्याबरोबरचा गाडीवाला इथलाच असतो, त्याला दोन्ही भाव माहीत असतात.

कार्ड लावल्यावर काही मशीन पाहुण्याला विचारतं, पैसे INR मध्ये द्यायचे की त्याच्या चलनात. त्याचं चलन निवडलं तर मशीनमागची कंपनी स्वतःचा महाग दर लावते. घरी गेल्यावर त्याच्या खात्यात १४ च्या जागी साडेचौदा-पंधरा दिसतात आणि नाव दुकानाचं येतं. बटण आपण दाबायचं नाही, मशीन त्याच्याकडे वळवायचं आणि INR निवडलेलं बरं एवढं सांगायचं.

आता पाटी. १,२५० भागिले ९० म्हणजे १३.८९. पाटीवर मोठ्या अक्षरात "₹ १,२५०" आणि खाली बारीक "अंदाजे १४ डॉलर", सोबत तारीख. पाहुण्यासाठी हे इंग्रजीत लिहायचं, हे वेगळं सांगायला नको. दर रोज हलतो, मग पाटी रोज बदलायची का? नाही. जवळचा पूर्ण आकडा १४ च राहतो तोवर पाटी खरी आहे. १,२५० ला साडेचौदानं भागलं की ८६.२ येतात, साडेतेरानं भागलं की ९२.६. दर या दोन आकड्यांच्या मध्ये असेपर्यंत पाटीला हात लावायचा नाही. हे दोन आकडे पाटीच्या मागे पेन्सिलीनं लिहून ठेवले की काम झालं.

लहान वस्तूंना हे जमत नाही. उरलेल्या तुकड्यांची तो छोटी पाकिटं शिवतो, १५० रुपयांना एक. डॉलरात १.६७. दोन लिहिले तर १८० होतात, म्हणजे वीस टक्के जास्त. दीड लिहिले तर १३५, म्हणजे दहा टक्के कमी. वस्तू जितकी लहान तितकी पूर्ण आकडा करण्यातली चूक मोठी. अशा वेळी एकेकाला डॉलरचा भाव लावायचाच नाही. तीनचा संच करायचा, ४५० रुपये, बरोबर ५ डॉलर.

घासाघीस होणारच. "एक डॉलर कमी करा" हे वाक्य फार सोपं वाटतं, कारण एक हा आकडा लहान आहे. पण एक डॉलर म्हणजे ९० रुपये, आणि आपला नफा आहे साधारण ३२०. एक सोडला की नफ्याचा चौथ्या भागाहून जास्त गेला, दोन सोडले की निम्म्याहून जास्त. म्हणून सूट नेहमी रुपयात बोलायची. दोन जॅकेटं घेतलीत तर शंभर रुपये कमी, असं आधीच ठरवून ठेवावं. शंभर ऐकायला एकापेक्षा मोठं वाटतं आणि इथे ते दोन जॅकेटांत वाटलं जातं.

आणि समोरचा पाहुणा चिनी असेल तर डॉलर त्याचंही चलन नाही. त्याला १४ डॉलर सांगणं म्हणजे त्याच्या डोक्यात दुसरा भागाकार घालणं. युआनचा दर साडेबारा रुपये धरला तर १,२५० चे बरोबर १०० युआन होतात. त्यासाठी वेगळी पाटी नको, त्या दिवशीच्या दरानं भागून कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवायचा. बिल मात्र रुपयातच फाडायचं, आणि त्याच बिलावर एक ओळ लिहायची: थंड पाण्यात धुवा. तिकडच्या मशीनमध्ये गरम पाण्यात टाकलं तर भिजवून घेतलेली चादरसुद्धा आणखी आटते.