धरणावरची टिपणं क्रिकेटच्या शेजारी का जाऊन बसतात?

मराठी विकिपीडियावरच्या प्रत्येक लेखाला साधर्म्य असलेले पाच लेख शोधून काढायचे, एवढंच काम मी हाती घेतलं होतं. पद्धत सरळ होती. कुठल्या लेखात कुठला शब्द किती वेळा येतो ते मोजायचं, म्हणजे प्रत्येक लेख ही आकड्यांची एक रांग होते. मग दोन रांगा एकमेकींच्या किती जवळ आहेत ते पाहायचं. मोजणीसाठी scikit-learn ही पायथनची लायब्ररी होतीच.

मोजणी झाल्यावर शब्दांची यादी डोळ्यांखालून घातली आणि तिथेच अडलो. यादीत ‘पाणी’ नव्हता! ‘कोयना’च्या जागी ‘यन’ असं काहीतरी दिसत होतं. कारण असं की, शब्द तोडण्याचा तिथला ठरलेला नियम काना-मात्रा-वेलांटीला अक्षर मानत नाही. त्या चिन्हांपाशी शब्द तुटतो आणि एकच अक्षर उरलेले तुकडे टाकून दिले जातात. ‘पाणी’तून ‘प’ आणि ‘ण’ उरतात, म्हणजे दोन्ही जातात. मराठीवर काम करणाऱ्याने हा नियम आधी बदलावा, नाहीतर पुढचं सगळं गणित फुकट.

```python
TfidfVectorizer(
    token_pattern=r"[\u0900-\u0963\u0971-\u097F\u200d]+")
```

आता मापाचा प्रश्न. शाळेत शिकलेलं सरळ रेषेतलं अंतर आधी शब्दांच्या नुसत्या मोजणीवर लावलं. धरणांवरच्या छोट्या टिपणांना जे शेजारी मिळाले त्यांत ना धरण होतं ना नदी. होती ती भलत्याच विषयांवरची तितकीच छोटी टिपणं. असं का होतं ते समजायला मी तीनच शब्द घेऊन हाताने आकडे मांडले: धरण, पाणी, धावा.

मोठ्या लेखात हे शब्द अनुक्रमे 40, 30, 0 वेळा येतात असं धरू. धरणावरच्याच छोट्या टिपणात 4, 3, 0 वेळा. क्रिकेटवरच्या टिपणात 0, 1, 4 वेळा. धरणाच्या टिपणापासून मोठ्या लेखाचं अंतर 45 येतं, आणि क्रिकेटच्या टिपणाचं फक्त 6. इतकंच नाही, अगदी कोरं पान घेतलं, 0, 0, 0, तर त्याचं अंतर 5! म्हणजे धरणाच्या टिपणाला सगळ्यात जवळचं काय, तर ज्यावर काहीच लिहिलेलं नाही ते पान. इथे विषय मोजला जातच नव्हता, मोजली जात होती ती लांबी. कमी शब्दांचं सगळं लेखन शून्याच्या आसपास गोळा होतं आणि म्हणून एकमेकांजवळ येतं.

यावर उपाय म्हणजे कोसाईन साम्य. ते रांगेची लांबी, म्हणजे कोऱ्या पानापासूनचं तिचं अंतर, सोडून देतं आणि फक्त दिशा पाहतं. दोन रांगांचे जागच्या जागी गुणाकार करून बेरीज घ्यायची आणि तिला दोघींच्या लांब्यांच्या गुणाकाराने भागायचं. मोठा लेख आणि धरणाचं टिपण: गुणाकारांची बेरीज 250, लांब्या 50 आणि 5, उत्तर 1. शब्दांचं प्रमाण तंतोतंत तेच, म्हणून पूर्ण साम्य. धरण आणि क्रिकेटच्या टिपणांचं उत्तर येतं सुमारे 0.15, तेही दोघांत ‘पाणी’ आहे म्हणून.

यात दोष सरळ रेषेचा आहे असंही नाही. प्रत्येक रांगेला तिच्या लांबीने भागून सगळ्यांची लांबी 1 केली, तर अंतराचा वर्ग म्हणजे 2 − 2 × कोसाईन. मग दोन्ही मापांनी शेजाऱ्यांचा क्रम एकच लागतो. वरचं TfidfVectorizer हे साधन ही लांबी आपणहून 1 करून देतं, त्यामुळे नंतर नुसता गुणाकार पुरतो. नुसत्या मोजणीवर कोसाईन लावलं असतं तर ‘आहे’ आणि ‘आणि’ या दोनच शब्दांनी कुठलेही दोन लेख सारखे ठरवले असते. सगळीकडे आढळणाऱ्या शब्दांचं वजन कमी करणारा हिशेब त्यासाठी लागतो, आणि तो याच साधनात होतो.

शेजाऱ्यांची यादी पुष्कळ सुधारली, पण एक गोष्ट खटकत राहिली. एका-दोन ओळींच्या नोंदी वारंवार वर यायच्या. पुन्हा हाताने पाहिलं: ज्या नोंदीत आपल्या तीन शब्दांपैकी फक्त ‘धरण’ एकदाच आहे, तिचं धरणाच्या टिपणाशी साम्य 0.8 येतं. एका शब्दाच्या जोरावर! लांबी सोडून दिली की पुरावा किती आहे हेही सुटतं. शोधयंत्रांवर काम करणाऱ्यांनी 1996 मध्येच दाखवलं होतं की कोसाईनची लांबी-दुरुस्ती छोट्या मजकुराला जरुरीपेक्षा जास्त झुकतं माप देते, आणि त्यासाठी त्यांनी भागाकारातली लांबी थोडी बदलून घेण्याची पद्धतही सुचवली होती. मी सोपा मार्ग धरला. ठरावीक संख्येपेक्षा कमी वेगवेगळे शब्द असलेल्या नोंदी शेजारी म्हणून सुचवायच्याच नाहीत. त्या नोंदींना मात्र इतर लेखांतून शेजारी शोधून द्यायचे.

‘धरण’, ‘धरणात’, ‘धरणाचे’ हे अजून तीन वेगळे शब्दच मोजले जातात. सध्या पूर्ण शब्दांऐवजी तीन ते पाच चिन्हांचे तुकडे मोजून पाहतो आहे. त्यात ‘धरण’ हा तुकडा तिन्हींत सापडतो.